अकराव्या मजल्यावरचा उंदीर

ठाण्यातल्या एका सोसायटीत, अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या स्वयंपाकघरातला साबण गेल्या वर्षी मे महिन्यात कुरतडलेला सापडला. आठवड्याने बटाट्यांवर दात दिसले, मग डिशवॉशरच्या मागे लेंड्या. बाईंनी तक्रार केली तेव्हा कमिटीतल्या एकाने विचारले, "बाई, एवढ्या उंचावर उंदीर येईलच कसा? बाजारातून पिशवीत आला असेल." पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावले गेले. त्याने खालच्या बागेत आणि कचऱ्याच्या खोलीजवळ विषाच्या वड्या ठेवल्या. तळमजल्यावर दोन उंदीर मेले, सर्वांना समाधान वाटले आणि बाईंचे बटाटे कुरतडले जातच राहिले. असे चार महिने गेले.

सप्टेंबरमध्ये एका ओळखीच्या गृहस्थांनी माझे नाव सुचवले. मी प्राणिशास्त्रज्ञ नाही की इंजिनिअरही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन इमारतींच्या देखभालीच्या कामात पडलो आणि डक्ट, शाफ्ट, चेंबर यांत डोके घालता घालता गेली चौदा-पंधरा वर्षे उंदरांच्या वाटा टिपत आलो, एवढीच माझी पात्रता. या एका इमारतीची हकिकत सविस्तर सांगतो, कारण उंच इमारतीत उंदीर कसा चढतो आणि त्याला नेमके कुठे अडवायचे, हे तिच्यातून नीट कळते.

चढणारा कोण?

आपण सगळ्यांनाच उंदीर म्हणतो. पण शहरात तीन-चार वेगवेगळे प्राणी त्या नावाखाली फिरत असतात. घूस जमीन पोखरते. तपकिरी उंदीर हा मुख्यतः गटारांचा आणि तळमजल्याचा रहिवासी आहे; वजनाने बहुधा पाव किलोच्या वर, अंगाने जाड, आणि त्याची शेपटी धडापेक्षा आखूड असते. काळा उंदीर, ज्याला घरउंदीर म्हणतात, तो सडपातळ असतो. त्याचे कान मोठे आणि शेपटी धडापेक्षा लांब. ही लांब शेपटी म्हणजे त्याची तोल सांभाळण्याची काठी होय. झाडावर, वाशांवर आणि तारेवर चालण्यासाठीच तो घडलेला आहे.

मुंबईला हा फरक फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत प्लेगवर संशोधन करणाऱ्या आयोगाने मुंबईचे उंदीर हजारोंनी तपासले. गटारे आणि तबेले यांत तपकिरी उंदीर, आणि चाळींच्या खोल्यांत, अगदी वरच्या मजल्यांवरही, घरउंदीर अशी वाटणी त्यात स्पष्ट दिसली. चाळी गेल्या, टॉवर आले. घरउंदराचा स्वभाव मात्र तोच राहिला.

म्हणून पहिले काम लेंड्या पाहण्याचे. तपकिरी उंदराची लेंडी साधारण पाऊण इंच लांब आणि बोथट टोकांची असते, घरउंदराची अर्ध्या इंचाची आणि दोन्ही टोकांना निमुळती, तर छोट्या नेंगट्या उंदराची तांदळाच्या दाण्याहूनही लहान. ताजी लेंडी मऊ आणि चकचकीत असते. जुनी करडी पडते आणि काडीने दाबली की भुगा होतो. बाईंच्या घरातल्या लेंड्या निमुळत्या आणि ताज्या होत्या. घरउंदीर होता आणि अजून येत होता. बाजाराच्या पिशवीचा संशय तिथेच मिटला.

आपणच लावलेल्या शिड्या

जमिनीपासून अकरावा मजला म्हणजे तीनेक मीटरच्या हिशेबाने सुमारे ३३ मीटर उंची. ही उंची चढायला उंदराला तीन वाटा असतात.

पहिली वाट पाइपाच्या बाहेरून. उंदीर मोकळ्या उभ्या पाइपावरही चढतो; पण पाइप साधारण तीन इंचांहून जाड असला की त्याला चारही पायांची कवळ घालता येत नाही आणि तो घसरतो. उंदीरबंदीच्या तांत्रिक पुस्तिकांत याच वाक्याला जोडून एक अपवाद दिलेला असतो: पाइप कितीही जाड असो, तो भिंतीपासून तीन इंचांच्या आत असेल तर उंदीर चढतो. पाठ भिंतीला टेकवायची, पाय पाइपाला लावायचे आणि सरकत वर जायचे. विहिरीत उतरणारा माणूस दोन्ही बाजूंना हातपाय रोवतो, तसेच हे. आता आपल्या इमारतींतले पाइप पाहा. क्लॅम्पने धरलेला पाइप भिंतीपासून एक-दोन इंचांवर असतो, आणि दर काही फुटांवर येणारा क्लॅम्प हा विसावा घ्यायचा टप्पा. शिवाय बाहेरच्या भिंतीला वाळूचा खरबरीत गिलावा. मुद्दाम उंदरांसाठी शिडी करायची म्हटली, तर याहून चांगली करता येणार नाही.

दुसरी वाट पाइपाच्या आतून. दीड ते चार इंच व्यासाच्या उभ्या पाइपातून उंदीर आतल्या आत अंग रोवून चढू शकतो. आपल्याकडे संडासाचा उभा पाइप बहुधा चार इंची असतो आणि मोरीचा तीन इंची. म्हणजे दोन्ही त्याच्या मापात बसतात. संडासाच्या भांड्याखालच्या वळणात पाणी साठलेले असते, ते दुर्गंधी अडवायला पुरते; उंदीर मात्र त्यात बुडी मारून पलीकडे निघतो. भांड्याच्या कडेवर सकाळी ओल्या पावलांचे ठसे दिसले, तर ही वाट चालू आहे असे समजावे. या वाटेचा प्रवासी बहुधा गटारातला तपकिरी उंदीर असतो.

तिसरी वाट केबलची. लिफ्टशेजारी विजेचा उभा शाफ्ट असतो. त्यात मीटर रूमपासून वरपर्यंत केबल-ट्रे जातो, आणि ट्रे म्हणजे पायऱ्या असलेली शिडीच. प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमध्ये ट्रेसाठी चौकोनी भोक ठेवलेले असते. ते नीट बुजवलेले असेल, तर उंदीर एका मजल्यापुरता अडकतो. ते उघडे असेल, तर सगळे मजले त्याचे.

आमच्या इमारतीला स्टिल्ट आणि वर चौदा मजले, स्नानघरांमधला एक उघडा डक्ट आणि लिफ्टजवळचा एक बंद विजेचा शाफ्ट. बाईंचा उंदीर कोणत्या वाटेने आला हे कळल्याशिवाय एकही भोक बुजवायचे नाही, असे मी कमिटीला पहिल्याच दिवशी सांगितले. सेक्रेटरी म्हणाले, "काका, सगळीच भोके बुजवून टाकू की." पण सगळी भोके कोणालाच सापडत नसतात. आणि उंदीर आत असताना तोंड बंद केले, तर तो आतच मरतो आणि महिनाभर वास मारतो, नाहीतर नवे भोक पाडतो.

पावडरीवरची पावले

वाट शोधायला मी पावडर वापरतो. सुरुवातीच्या काळात रांगोळी वापरून पाहिली होती, पण ती फार भरड असते. ठसा उमटतो, बोटे दिसत नाहीत. वस्त्रगाळ केली तरी ओलीत गोळा होते. शेवटी अंगाला लावायची साधी टाल्कम पावडरच बरी ठरली. गुळगुळीत पुठ्ठ्याच्या वीतभर पट्टीवर ती चाळणीने अगदी पातळ पसरायची आणि उंदराला ओलांडावीच लागेल अशा अरुंद जागी रात्री ठेवायची. उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटे उमटतात, मागच्याला पाच. बोटांची टोके ज्या दिशेला, त्या दिशेला तो गेला. पट्टीवर मजला आणि तारीख लिहायची आणि सकाळी फोटो काढून ठेवायचा.

विजेच्या शाफ्टमध्ये, सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन, प्रत्येक मजल्याच्या दारातून एक अशा पट्ट्या ठेवल्या. पाच रात्रींनंतर चित्र स्पष्ट झाले. स्टिल्टपासून सहाव्या मजल्यापर्यंत ठसे होते, वर आणि खाली, दोन्ही दिशांचे. सातव्यापासून वर एकही नाही. टॉर्च लावून पाहिले तेव्हा कारण दिसले. सहाव्या आणि सातव्याच्या मधल्या स्लॅबमधले भोक बांधकामाच्या वेळी बुजवले होते तसेच शाबूत होते. त्याखालची सगळी भोके मात्र इंटरनेटची केबल ओढताना कोणीतरी छिन्नीने फोडली होती. केबल बोटाएवढी, भोक मुठीएवढे. वरच्या मजल्यांना जोडणी दुसऱ्या जिन्याकडून दिलेली, म्हणून वरची भोके वाचली. म्हणजे शाफ्टमध्ये उंदीर होते, पण बाईंचा उंदीर त्यांतला नव्हता.

आता राहिला डक्ट. तिथे पट्टी ठेवायला जागा नसते, म्हणून तेलकट डाग शोधायचे. उंदराच्या केसांना तेल आणि मळ असतो. तो रोज एकाच वाटेने, अंग घासत जातो आणि त्या वाटेवर काळपट, चिकट पट्टा उमटतो. ताज्या पट्ट्यावर बोट फिरवले तर ते काळे होते. जुना पट्टा कोरडा असतो आणि त्यावर धूळ बसलेली असते. प्रत्येक मजल्यावरच्या बाथरूमच्या खिडकीतून आरसा आणि टॉर्च बाहेर धरून पाहत गेलो. मोरीच्या पाइपामागे, भिंतीच्या बाजूला, हा पट्टा तळापासून वर जात होता आणि प्रत्येक क्लॅम्पच्या वर थोडा रुंद होत होता. दहाव्यावर तो होता, अकराव्यावर होता, बाराव्यावर नव्हता. गच्चीवरून उंदीर उतरत असता तर वरचे मजलेही काळे दिसले असते. तेव्हा तो खालूनच येत होता आणि अकराव्यावर आत शिरत होता.

पण तो बाईंच्या घरात शिरत नव्हता. पट्टा वळला होता शेजारच्या फ्लॅटकडे, जिथे एसीचे तांब्याचे पाइप भिंतीतून बाहेर काढले होते. त्या भोकात पाइपांभोवती दोन बोटे फट होती आणि फटीच्या कडा काळ्या झाल्या होत्या.

बंद फ्लॅट

हा फ्लॅट दीड वर्ष बंद होता. मालक नोकरीनिमित्त आखाती देशात. त्यांच्या भावाकडून किल्ली मागवून, सेक्रेटरींच्या समक्ष दार उघडले. बाथरूमवरच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या चिंध्या आणि एसीच्या पाइपावरचा काळा फोम यांचे घरटे होते. त्यात आठ-दहा दिवसांची चार पिल्ले. घरउंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेताला पाच-सात पिल्ले होतात आणि ती तीन-चार महिन्यांत स्वतः वेतास येतात. पेस्ट कंट्रोलच्या चार महिन्यांत इथे एक नवी पिढी तयार झाली होती. बाईंचा उंदीर रोज ३३ मीटर चढ-उतार करत नव्हताच. एकदाच चढून आलेल्या उंदरांचा हा अकराव्या मजल्यावरचा संसार होता आणि बागेतल्या वड्यांचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता.

बंद फ्लॅटमध्ये अन्न नव्हते. त्यासाठी ते बाईंकडे जात. दोन फ्लॅटांच्या दारांवर, पॅसेजच्या खोट्या छतात, बेल आणि टीव्हीच्या वायरींसाठी एक रुंद प्लास्टिकची नळी जात होती. तिची दोन्ही तोंडे उघडी होती. तिच्यातून स्वयंपाकघराच्या छतात आणि तिथून चिमणीच्या पाइपाशेजारून ओट्यावर. बाईंच्या घरात शंभर पिंजरे लावले असते, तरी उगम शेजारी शाबूत राहिला असता.

त्या फ्लॅटमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. मोरीच्या न्हाणी ट्रॅपमधले पाणी पूर्ण वाळून गेले होते. जमिनीतल्या या सापळ्याला बांधकामाच्या इंग्रजी कागदपत्रांतही 'नहाणी ट्रॅप' असेच म्हणतात. आपल्या न्हाणीघराचा शब्द तिथवर पोचला आहे. त्यात दोनेक इंच पाणी उभे असते. नळ वापरात नसला की ते उन्हाळ्यात काही आठवड्यांत आटते आणि गटाराची हवा सरळ घरात उघडते. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या उंच वसाहतीत सार्सची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली. तिथल्या तपासात असेच वाळलेले ट्रॅप हे एक मुख्य कारण ठरले. बाथरूमच्या पंख्याने पाइपातली हवा आत ओढली गेली आणि एकावर एक असलेल्या ठरावीक फ्लॅटांत आजार पसरला. आमच्या फ्लॅटमध्ये उंदीर ट्रॅपमधून आलेला नव्हता. पण ते दारही उघडेच होते. म्हणून बंद फ्लॅटची किल्ली असणाऱ्याने महिन्यातून एकदा प्रत्येक मोरीत आणि भांड्यात बादलीभर पाणी ओतावे, हे मी सोसायटीच्या वहीत लिहून ठेवले.

अडवण्याचा क्रम

आधी आतले उंदीर काढले. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून चाप पहिल्या तीन रात्री न लावता, नुसते शेंगदाण्याचे कूट ठेवून भिंतीच्या कडेला मांडले. कूट खाल्लेले दिसू लागल्यावर चौथ्या रात्री ते लावले. सहा रात्रींत तीन प्रौढ उंदीर सापडले. पिल्ले आणि घरटे आधीच काढले होते. विष वापरले नाही, कारण विष खाल्लेला उंदीर माळ्यावर किंवा नळीत जाऊन मरतो आणि तो मेलेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर विष त्याच्याही पोटात जाते. पुढच्या सहा रात्री पट्ट्या कोऱ्या राहिल्या, तेव्हा बुजवायला हात घातला.

पाइपांभोवतीच्या फटी आतून-बाहेरून सिमेंट-वाळूने भरल्या. पण नुसता गिलावा ओला असताना उंदीर तो उकरतो, म्हणून आधी स्टेनलेस स्टीलचा तारेचा चोथा ठासून बसवला आणि वर गिलावा केला. भांडी घासायची साधी लोखंडी काथ्या वापरू नये. पावसाळ्यात गंजून तिची माती होते. नळीच्या दोन्ही तोंडांना ६ मिलिमीटर भोकांची स्टीलची जाळी बसवली. ६ मिलिमीटर का? नेंगटा उंदीर त्याहून थोड्या मोठ्या फटीतूनही निसटतो, आणि उंदराचे पिल्लू अर्ध्या इंचाच्या फटीतून.

डक्टमधल्या पाइपांसाठी मुंबई बंदरातली जुनी युक्ती घेतली. धक्क्याला बांधलेल्या जहाजाच्या दोरांवर पत्र्याच्या मोठ्या चकत्या लावलेल्या असतात, दोरावरून चालणारा उंदीर त्या चकतीपाशी थांबतो. तशाच कल्पनेने तळापासून दीड मीटर उंचीवर, चारही पाइपांना कवेत घेणारा गॅल्व्हनाइज्ड पत्रा आडवा बसवला. तो भिंतीला फट न ठेवता टेकवला आणि पाइपांच्या बाहेर तिन्ही बाजूंना एक फूट पुढे काढला. उंदीर पत्र्याला खालून लटकून कडेला जाऊ शकत नाही. पण तो खरबरीत भिंतीवरून पत्र्याला वळसा घालू शकतो, म्हणून त्याच उंचीवर डक्टच्या चारही भिंतींना दीड फूट रुंद पट्टा गुळगुळीत घोटून ऑइल पेंट दिला. डक्टच्या तळाशी वरून फेकलेला दोन हातगाड्या कचरा होता, तो आधी उपसला. कचऱ्याचा ढीग दीड मीटर झाला असता तर पत्र्याला काहीच अर्थ उरला नसता. एका सांध्यात पिंपळाचे रोप रुजले होते, तेही मुळासकट काढले, कारण एवढी फांदीही पत्रा ओलांडायला पूल होते.

आतल्या वाटेसाठी इमारतीबाहेरच्या चेंबरची फुटलेली झाकणे बदलली आणि तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी नूतनीकरणात तोडून तसेच सोडलेले पाइपाचे तोंड टोपीने बंद केले. चेंबरमध्ये एकाच दिशेने उघडणारी स्टीलची झडपही बसवता येते. पाणी जाताना ती उघडते आणि उंदीर येताना मिटते. आम्ही ती मुद्दाम टाळली. अशा झडपेत तेल, कागद आणि कपड्यांचे तुकडे अडकतात. ती दर महिन्याला साफ करणारा माणूस नसेल, तर मैला उलटून पहिल्या मजल्याच्या भांड्यात येतो. ज्या सोसायटीला हे जमेल तिने ती अवश्य बसवावी.

केबलचा शाफ्ट

बाईंचा प्रश्न इथे सुटला होता. शाफ्टमधले उंदीर मात्र सहा मजल्यांवर शिल्लक होते आणि खरे तर इमारतीला धोका तिथेच जास्त होता. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, वर्षाला चार-पाच इंच. ते झिजवत ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. वायरीचे प्लास्टिक त्यासाठी सोयीचे. दुसऱ्या मजल्यावर एका केबलचे वेष्टन तांब्यापर्यंत गेलेले आम्हाला सापडले.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, स्लॅबमधली ती भोके मुळात उंदरांसाठी बुजवलेलीच नसतात. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार, २०१६ च्या आवृत्तीतही, केबल आणि भिंत-स्लॅब यांमधली जागा १२० मिनिटे आग थोपवेल अशा सामग्रीने भरायची असते. कारण खालच्या मजल्यावर आग लागली, तर असा शाफ्ट धुराडे होतो. ज्या भोकातून उंदीर जातो, त्यातून धूर तर सहजच जातो. पट्ट्यांवरचे सहा मजल्यांचे ठसे म्हणजे मीटर रूममध्ये आग लागल्यास धूर कुठवर विनाअडथळा चढेल, याचा नकाशाच होता. कमिटीच्या सभेत उंदरांचा विषय तासभर रेंगाळला होता. हे वाक्य ऐकल्यावर खर्चाला पाच मिनिटांत मंजुरी मिळाली.

परवानाधारक विद्युत ठेकेदाराने वीज बंद करून काम केले. प्रत्येक भोकात चार इंच जाडीची खनिज लोकर दाबून भरली, केबलींभोवतीच्या फटी आगीत फुगणाऱ्या मलमाने बुजवल्या आणि वर-खाली ६ मिलिमीटरची स्टीलची जाळी स्क्रूने घट्ट केली. लोकर आगीला पुरते, दातांना नाही. जाळी दातांना पुरते, धुराला नाही. दोन्ही लागतात.

तरीही चूक झालीच. नवव्या दिवशी दुसऱ्या मजल्याच्या पट्टीवर पुन्हा ठसे. उघडून पाहिले तर तिथे कामगाराने लोकर संपली म्हणून फवाऱ्याचा पिवळा फोम भरला होता आणि जाळी एका कडेला बोटभर कमी पडली होती. फोम उंदराने बोगद्यासारखा पोखरला होता. बाजारात 'भोक बुजवायला' म्हणून हाच फोम सर्रास विकला जातो. तो उंदीर अडवत नाही आणि साधा फोम आगही अडवत नाही. काढून नव्याने भरले. त्यानंतर तीन आठवडे पट्ट्या कोऱ्या राहिल्या.

शेवटची तरतूद सर्वांत स्वस्त होती. प्रत्येक स्लॅबमध्ये दोन रिकामे लोखंडी पाइपाचे तुकडे बसवून त्यांना आटे असलेली टोपणे लावली. पुढच्या केबलवाल्याने छिन्नी चालवायची नाही. टोपण काढायचे, केबल ओवायची, उरलेली फट मलमाने भरायची आणि वॉचमनच्या वहीत सही करून जायचे. कारण भोके उंदीर क्वचितच पाडतात. ती आपण पाडतो, एसी लावताना, बाथरूम बदलताना, केबल ओढताना; उंदीर फक्त ती सापडवतो.

एवढे करूनही त्या परिसरातले उंदीर कमी झाले आहेत असा माझा दावा नाही. शेजारच्या नाल्यात ते आहेतच आणि पत्र्यावरचा गुळगुळीत रंग धूळ बसून खरबरीत झाला की ते पुन्हा प्रयत्न करतील. म्हणून वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, तो पट्टा धुवायचा आणि आठवडाभर पावडरीच्या पट्ट्या ठेवायच्या असे ठरले आहे. या वर्षी मे महिन्यातल्या पट्ट्या मी स्वतः पाहिल्या. शाफ्टमध्ये स्टिल्टच्या पट्टीवर ठसे होते. पहिल्या मजल्यावर नव्हते. बाई म्हणाल्या, "अहो, पण खाली आहेच ना तो?" मी म्हटले, "आहे. तो खालीच राहावा, एवढेच आपल्या हातात आहे."